दोन्ही टोके तालात, मधला भाग बेताल: विसर्जनाच्या एका व्हिडिओचे संकलन

पार्श्वभूमी

एका गणेशोत्सव मंडळाने स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करून घेतले होते. ठेका केरव्याचा, मुखड्यापर्यंत गायक आणि साथ, पुढे ढोल-ताशा. वादक पथकातलेच होते. सगळ्यांनी एकत्र बसून वाजवले आणि ठरावीक लय ऐकवणारा मेट्रोनोम कोणाच्याही कानात नव्हता. या गाण्याच्या 72 सेकंदांच्या तुकड्यावर विसर्जन मिरवणुकीचा उभा व्हिडिओ करायचा होता. मंडळाची मागणी एका वाक्यातली होती: ढोल पडला की चित्र बदलले पाहिजे.

चित्रीकरण दोन प्रकारचे होते. मुख्य कॅमेऱ्यावर सेकंदाला 50 फ्रेमने घेतलेले सुमारे चाळीस मिनिटांचे, आणि कार्यकर्त्यांच्या मोबाइलवरचे थोडे. टाइमलाइन 25 फ्रेमची, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. संकलन प्रीमियर प्रोवर झाले. संकलक अनुभवी होता, पण त्याचे बहुतेक काम मुलाखती आणि लग्नाचे होते. संगणकावर बनवलेल्या गाण्यांवर त्याने ठोक्याला कट केले होते. माणसांनी वाजवलेल्या, मेट्रोनोम नसलेल्या गाण्यावर हे पहिलेच काम होते.

अडचण

पहिला मसुदा तीन तासांत तयार झाला. गाणे एका टेम्पो ओळखणाऱ्या अॅपला ऐकवले, उत्तर आले 104, म्हणजे मिनिटाला 104 ठोके. केरव्याच्या आठ मात्रा, दोन मात्रांना एक ठोका धरला तर आवर्तनात चार ठोके. 104 च्या हिशेबाने एक ठोका 577 मिलिसेकंदांचा आणि आवर्तन 2.3 सेकंदांचे होते. पहिल्या समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यापासून, पुढे याच अंतराने खुणा मारल्या आणि खुणेगणिक कट टाकले.

मंडळाकडून निरोप आला: "दादा, सुरुवात झकास आहे, पण मध्ये कुठेतरी ताल सुटतोय. पुढे परत बरोबर येतोय."

या निरोपातला शेवटचा भागच दिशाभूल करणारा होता. मध्ये चुकते आणि पुढे बरोबर येते, म्हणजे मधले काही शॉट वाईट आहेत, असा अर्थ संकलकाने काढला. त्याने मधले आठ शॉट बदलले. ताल सुटलेलाच राहिला.

चूक शॉटमध्ये नव्हतीच. गाण्याचे पहिले 16 ठोके मोजले तर 9.2 सेकंद भरतात, शेवटचे 16 ठोके 8.9 सेकंद. कानाला हा फरक जाणवत नाही. ढोल सुरू झाला की वादक लय थोडी पुढे ओढतात, तसे इथे लय 104 वरून हळूहळू 108 पर्यंत चढली होती. खुणा मात्र 104 वरच चालत राहिल्या. लय साधारण एकसारखी चढत गेली असे धरून हिशेब केला, की मंडळाचे म्हणणे पटते. एकविसाव्या सेकंदाला खूण खऱ्या ठोक्यापेक्षा पाव ठोक्याहून थोडी कमी, म्हणजे जवळजवळ तीन फ्रेम उशिरा येते, आणि इथूनच डोळ्याला खटकू लागते. तेहतिसाव्या सेकंदाच्या आसपास ती दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडते. सेहेचाळिसाव्या सेकंदाला ती अख्खा एक ठोका मागे असते, म्हणजे पुढच्या ठोक्यावर नेमकी जाऊन बसते. म्हणून "परत बरोबर येतोय". पण ती समेवर बसलेली नसते, समेनंतरच्या ठोक्यावर असते. पासष्टाव्या सेकंदाच्या पुढे मागे ती दोन ठोके मागे पडून ‘खाली’ या आवर्तनातल्या जोर नसलेल्या ठोक्यावर पोहोचते. तिथे कट ठोक्यावर दिसतो, पण ढोलाचा जोर एकीकडे आणि चित्राचा बदल दुसरीकडे राहतो. बघणाऱ्याला काही तरी पोकळ वाटते आणि काय ते सांगता येत नाही.

चूक वाढत जाऊन मध्येच नाहीशी झाल्यासारखी दिसली, तर शॉट बदलण्याआधी गाण्याच्या दोन्ही टोकांचे 16 ठोके मोजायला हवेत. दोन मिनिटांचे काम आहे. इथे ते दुसऱ्या दिवशी झाले.

पुढे जाण्याचे मार्ग

एक मार्ग म्हणजे गाणेच ताणून सरळ करणे. प्रत्येक ठोका 104 च्या जाळीवर ओढून बसवता येतो. पण चढती लय हाच त्या गाण्याचा जीव होता आणि गाणे मंडळाने पैसे खर्चून केलेले होते. हा मार्ग पाच मिनिटांत बाद झाला, आणि तेच योग्य होते.

दुसरा मार्ग गाणे वाजवत ठेवून ठोक्याठोक्याला `M` दाबत जाणे. हाताने मारलेल्या खुणा लयीबरोबर आपोआप सरकतात. 72 सेकंदांत साधारण 127 ठोके.

तिसरा मार्ग ध्वनीच्या आलेखावर ढोलाचा आघात डोळ्याने शोधून तिथे खूण ठेवणे. सर्वांत अचूक, पण सर्वांत वेळखाऊ. ढोल-ताशाच्या गाण्यात तर आलेख पाहून फारसे काही कळत नाही, कारण ताशाची तर्री सगळ्या फटी भरून टाकते. ढोलाची बहुतेक शिखरे त्या गच्च पट्ट्यात बुडून जातात.

संकलकाने दुसरा मार्ग घेतला. त्याच्या टेबलावर सगळे चोख दिसत होते. मंडळाच्या मोबाइलवर प्रत्येक कट उशिरा होता, आणि या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच.

ब्लूटूथचे पाच फ्रेम

कारण सापडले ते आलेख ताणून मोठा केल्यावर. एकतिसाव्या सेकंदावरचा एक ठळक आघात सातव्या फ्रेमला सुरू होत होता, त्याची खूण बाराव्या फ्रेमला होती. अशा दहा जागा पाहिल्या. खूण कुठे चार, कुठे सहा, बहुतेक ठिकाणी पाच फ्रेम मागे.

बोटाची चूक इतकी एकाच बाजूला झुकलेली नसते. ठरलेल्या ठेक्यावर टाळी देताना माणूस पुढचा ठोका आधीच धरतो. त्याची बोटे कधी पुढे तर कधी मागे पडतात. पाच फ्रेम म्हणजे 200 मिलिसेकंद, आणि ती वायरलेस हेडफोनची देणगी होती. ब्लूटूथवर आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडेपर्यंत एवढा वेळ सहज जातो. काही प्रणाली चित्रही तेवढेच मागे धरून भरपाई करतात. इथे तसे होत नव्हते. प्लेहेड पुढे गेलेला, आवाज मागून येतोय, आणि बोट आवाजाच्या मागे.

या दोषाची खोडी अशी, की ज्याच्या टेबलावर तो घडतो त्याला तो दिसत नाही. पाच फ्रेम उशिराची खूण, तिथला कट आणि पाच फ्रेम उशिरा कानात येणारा ढोल, तिघे एकमेकांशी जुळलेले असतात. वायरचा हेडफोन लावला, की सगळे एका क्षणात उघडे पडते.

सगळ्या खुणा उचलून पाच फ्रेम डावीकडे सरकवणे शक्य होते, आणि मोठा भाग सुधारलाही असता. पण बोटाची एक-दोन फ्रेमची थरथर उरली असती. ढोलाचा आघात इतका टोकदार असतो, की दोन फ्रेमसुद्धा तिथे झाकल्या जात नाहीत. संकलक तिसऱ्या मार्गाकडे वळला, पण 127 ठोक्यांसाठी नाही.

खुणा फक्त समेच्या

ताशा बाजूला काढण्यासाठी गाण्याची एक प्रत करून तिच्यातून 150 हर्ट्झच्या वरचा आवाज दाबून टाकला. ढोलाचा घुमारा त्याच्या खाली असतो, ताशा, झांजा आणि गळा बराचसा वर. ऑडॅसिटीतल्या लो-पास फिल्टरने हे होते. आदेशाने करायचे तर एवढेच:

```
ffmpeg -i gane.wav -af lowpass=f=150 dhol_khuna.wav
```

फिल्टरचा परिणाम प्रीमियरमध्ये नुसता लावला, तर टाइमलाइनवरचा आलेख मूळचाच दिसत राहतो. म्हणून वेगळी फाइल बनवून ती खालच्या ट्रॅकवर ठेवायची आणि तिचा आवाज बंद करायचा. ती ऐकण्यासाठी नसतेच. फिल्टरमुळे आघात काही मिलिसेकंद मागे दिसतो, पण 40 मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये ते विरून जाते. गाळलेल्या आलेखावर ढोल एकेका टेकडीसारखा सुटा दिसू लागला.

आता खुणा फक्त समेला मारल्या. 127 ठोक्यांच्या जागी 32 खुणा, काम अर्ध्या तासाचे. दोन समांमधले तीन ठोके हवे तिथे अंतराचे चार सारखे भाग करून काढले. एका आवर्तनात लय इतकी कमी बदलते, की चार भाग सारखे धरल्याने फ्रेमचीही चूक होत नाही. लय बदलते ती आवर्तनागणिक, आणि ते समेच्या खुणांनी आधीच पकडलेले असते.

आघात क्वचितच फ्रेमच्या बरोबर सुरुवातीला येतो, बहुतेक वेळा तो फ्रेमच्या पोटात कुठे तरी असतो. अशा वेळी कट त्याच फ्रेमच्या सुरुवातीला द्यायचा, पुढच्या फ्रेमला नाही, असा नियम ठरवला. ढोलाच्या जोरकस समेला आणखी एक फ्रेम अलीकडे. चित्र आवाजाच्या किंचित आधी आलेले डोळा चालवून घेतो, आवाज आधी आलेला लगेच टोचतो. दूरचित्रवाणीत ओठ आणि आवाज जुळवण्यासाठीची जी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, ITU-R BT.1359, तीही हेच सांगते: आवाज साधारण 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी कळते, मागे पडला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत कळत नाही. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर पहिली मर्यादा जेमतेम एक फ्रेम आहे आणि दुसरी तीन. ती शिफारस बोलण्यासाठी आहे, ढोलासाठी नाही, पण कट किती सरकवायचा आणि कोणत्या बाजूला, याचा अंदाज तिच्यातून येतो.

किती वेळा कापायचे

मंडळाची मागणी अक्षरशः पाळली तर 127 कट झाले असते आणि प्रत्येक शॉट सुमारे 14 फ्रेमचा. अर्ध्या सेकंदाच्या चित्रात रंग कळतो, चेहरा ओळखू येत नाही. आणि मंडळाचा व्हिडिओ लोक आपापला चेहरा शोधायला बघतात, हे कोणी मागणीत लिहीत नसले तरी.

मुखड्यात दर दुसऱ्या समेला कट ठेवला. शॉट साडेचार सेकंदांचे झाले, मूर्ती आणि माणसे नीट दिसली. ढोल पडतो त्या समेपासून प्रत्येक समेला कट सुरू केला. ढोलाची ताकद त्या बदलातूनच दिसली. एकदम ठोक्याठोक्याला उडी मारली असती, तर पुढे वाढवायला जागा उरली नसती. शेवटची तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा तोच तुकडा, येते तिथे तीन तुकड्यांना तीन कट दिले. तिहाई जिथे संपते त्या समेला मूर्तीच्या मुखाचा शॉट, पुढे कट नाही. एकूण कट चाळिशीच्या आत राहिले. संकलकाने आधी तिहाईतही प्रत्येक ठोक्याला कट दिला होता. पाहताना मूर्तीच्या शॉटची उत्सुकता आधीच खर्च झालेली वाटली, म्हणून ते काढले.

ढोल दिसतो एकीकडे, वाजतो दुसरीकडे

कट चोख बसले आणि एक जुनीच गोष्ट उघडी पडली. पथकाच्या जवळून घेतलेल्या शॉटमध्ये टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, ढोलाच्या पानावर पडताना स्पष्ट दिसते. मिरवणुकीत पथक त्यांच्या त्यांच्या लयीत वाजवत होते, गाण्याच्या नाही. कट समेवर असला तरी शॉटच्या आत टिपरू भलत्याच क्षणी पडत होते. कटाची चूक प्रेक्षकाला नुसती जाणवते, ही मात्र त्याला दिसते.

एक शॉट जवळून पाहू. त्यात टिपरूच्या दोन आघातांमध्ये 16 फ्रेम होत्या. गाण्यात त्या जागी ठोका 14 फ्रेमचा. 16 ला 14 ने भागले की 1.14, म्हणून वेग 114 टक्के केला. आधी वेग, मगच जुळवणी, कारण वेग बदलला की आतला प्रत्येक आघात जागा सोडतो. वेगाच्या खिडकीत `Ripple Edit, Shifting Trailing Clips` यापुढची टिक काढून टाकलेली असावी लागते. ती राहिली तर पुढचे सगळे कट आपल्या समा सोडून सरकतात. क्लिप आखडल्याने पडलेली फट उरलेल्या चित्रीकरणातून भरून काढली. मग स्लिप टूलने, म्हणजे `Y` दाबून, क्लिपच्या कडा जागच्या जागी ठेवून आतले चित्र पुढेमागे केले आणि पहिला आघात कटानंतरच्या दुसऱ्या ठोक्यावर आणला.

कटानंतर लगेच पहिल्याच फ्रेमला आघात ठेवला होता, तो वाईट दिसला. नव्या चित्रात डोळा कुठे पाहायचे हे ठरवेपर्यंत टिपरू पडून गेलेले असते. एक ठोका मधे सोडला, की हात वर जाताना दिसतो आणि खाली येताना प्रेक्षक त्याची वाट पाहतो. अशा शॉटला समेवरचा कट आणि ठोक्यावरचा आघात असे दोन जोर मिळतात, आणि जास्त कट न वाढवता ठेका भरलेला वाटतो.

मूळ चित्रीकरण 50 फ्रेमचे असल्यामुळे 114 टक्क्यांना झटके आले नाहीत, कारण निवडायला दुप्पट फ्रेम हाताशी होत्या. मोबाइलच्या क्लिपवर हे तितके स्वच्छ झाले नाही. 120 टक्क्यांच्या पुढे मात्र कोणत्याच क्लिपला नेले नाही. त्यापुढे मागे चालणारी माणसे जुन्या मूकपटातल्यासारखी तुरुतुरु पळू लागतात आणि ढोल जुळूनही शॉट हसण्यावारी जातो. ज्या शॉटची लय त्याहून दूर होती, त्यांच्या जागी वादकांच्या पाठीमागून घेतलेले, ध्वजाचे किंवा गुलालाचे शॉट लावले. गुलालात वेगळी गंमत आहे. ठोक्यावर हात सुटण्याचा क्षण ठेवला तर तो कोणाच्या लक्षात येत नाही. रंग हवेत फुलतो तो क्षण ठेवावा लागतो.

ऐन वेळी बदललेले गाणे

सगळे झाल्यावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडून अंतिम मिश्रण आले, डब्ल्यूएव्ही स्वरूपात. तोवरचे काम निरोपातून आलेल्या एमपी3 वर चालले होते. फाइल नुसती बदलल्यावर सगळे कट नऊ फ्रेम आधी पडू लागले. एमपी3 स्वतःही सुरुवातीला थोडी भर घालते, पण नव्या फाइलच्या सुरुवातीची शांतता त्याहून जास्त होती. कट हलवायचे नव्हते. डब्ल्यूएव्ही नऊ फ्रेम डावीकडे सरकवून पहिल्या समेची शिखरे एकावर एक आणली आणि मग शेवटची समही तपासली. फक्त पहिली तपासली असती आणि मिश्रणात मध्येच एखादे आवर्तन कापलेले असते, तर ते निर्यात झाल्यावरच कळले असते. इथे दोन्ही टोके जुळली.

परिणाम

तिसरा मसुदा मंडळाने एकाच सूचनेसह मंजूर केला: एका कार्यकर्त्याचा शॉट लांबवायचा होता. तो दोन समांऐवजी तीन समांचा केला आणि शेजारचा एका समेने आखडला, बाकी काही हलले नाही. खुणा समेच्या असल्याचा फायदा इथे दिसला. एकूण वेळ चार दिवस लागला. त्यातला निम्मा पहिले दोन मसुदे करण्यात आणि मोडण्यात गेला.

पुन्हा करायचे झाले तर

गाणे आधी तयार होते, मिरवणूक नंतर. म्हणजे मिरवणुकीच्या आधी एका संध्याकाळी पथकाला तेच गाणे मोठ्याने वाजवून त्यावर दोन-चार हात वाजवून घेता आले असते. जवळचे शॉट तिथेच घेतले असते, तर वेगाची सगळी कसरत वाचली असती. ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे ढोलाचा ट्रॅक वेगळा मागितला असता, तर फिल्टरचीही गरज नव्हती. तो ट्रॅक त्याच्याकडे होता, कोणी मागितलाच नाही. आणि अंतिम मिश्रण हाती येईपर्यंत शॉट निवडायचे, कापायचे नाहीत, हा क्रम पाळला असता तर शेवटच्या रात्रीची धावपळ झाली नसती.

एका जागी मात्र नियम मोडला तो जाणूनबुजून, आणि पुन्हाही तसाच मोडावा. मुखड्यात आरतीचे ताम्हण ओवाळण्याचा शॉट आहे. समेला कापले तर ताम्हणाचा फेरा पाऊण झालेला असतानाच तुटत होता, आणि चित्र अडखळल्यासारखे दिसत होते. फेरा पूर्ण होऊ दिला तर कट समेनंतर सात फ्रेमांनी, दोन ठोक्यांच्या मध्ये जातो. तिथे ढोल नाही, गायकाचा स्वर लांबलेला आहे आणि पुढच्या ओळीचा श्वास त्याच जागी घेतला जातो. कट त्या श्वासावर ठेवला. मंडळातल्या कोणीही तो चुकला असे म्हटले नाही, अगदी मधला ताल सुटल्याचे पकडणाऱ्यानेही नाही.